बुरशी कुठवर पोचते?

फ्रान्सच्या दक्षिणेला रॉकफोर नावाचं लहानसं गाव आहे. गावाला लागून असलेल्या कोंबालू डोंगराच्या पोटात नैसर्गिक गुहा आहेत आणि त्या गुहांमध्ये मेंढीच्या दुधाचं, निळ्या-हिरव्या शिरांचं चीज शतकानुशतकं मुरवलं जातं. या चीजला लागणारी बुरशी तिथले लोक पूर्वी पावावर वाढवत. राय आणि गव्हाच्या पिठाचे मोठाले पाव मुद्दाम जास्त आचेवर भाजायचे, म्हणजे वरचं कवच कडक होई आणि आतला गाभा ओलसर राही. मग ते गुहेत काही आठवडे ठेवून द्यायचे. पाव फोडला की आतला सगळा गाभा हिरवट-निळा झालेला असे. तो वाळवून त्याची भुकटी करायची आणि ती चीजसाठी वापरायची. आता ही बुरशी बहुधा प्रयोगशाळेत वाढवतात, तरी काही उत्पादकांनी पावाची पद्धत सोडलेली नाही. बुरशीचं शास्त्रीय नावही गावावरूनच पडलं आहे: पेनिसिलियम रॉकफोर्टी.

पावात ही बुरशी कोणाच्या मदतीवाचून गाभाभर पसरते. चीजमध्ये तसं होत नाही. बुरशी मिसळून चीजची जाड चकती थापली, तरी ती आत निपचित पडून राहते. ती वाढावी म्हणून चकतीला लांब सुयांनी भोकं पाडावी लागतात. त्या भोकांतून हवा आत शिरते आणि मग हवेच्या वाटेनं निळ्या शिरा उमटतात. म्हणूनच असं चीज कापल्यावर काही शिरा अगदी सरळ रेषेत दिसतात. त्या सुईच्या वाटा असतात. हवी तेवढी बुरशी वाढली की चकती धातूच्या पातळ पन्नीत घट्ट गुंडाळतात. हवा कमी झाली की बुरशी मंदावते.

घरच्या फ्रिजमधल्या चीजच्या वडीवर हिरवा ठिपका दिसला तर तेवढा भाग कापून बाकीचं खावं का, आणि तसंच पावाचं का करू नये, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या सुयांमध्ये आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा अन्नसुरक्षा विभाग याबाबत स्पष्ट सल्ला देतो. कडक चीजवर बुरशी आली तर ठिपक्याभोवती आणि ठिपक्याखाली किमान एक इंच भाग कापून टाका, उरलेलं वापरा. पाव, केक, बिस्किटांसारख्या भाजलेल्या पदार्थांना बुरशी आली तर सगळं टाकून द्या. अनेकांना हा भेदभाव वाटतो. महागडं चीज वाचवायचं आणि स्वस्त पाव फेकायचा, असा हिशेब यामागे असावा, असाही समज असतो. पण किमतीचा इथे काही संबंध नाही.

पावावर हिरवा ठिपका दिसतो ती बुरशीची शेवटची अवस्था असते. बुरशी सुरू होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजाणूपासून. ओल मिळाली की बीजाणूतून केसाहून कितीतरी बारीक असा पांढरा, जवळजवळ पारदर्शक धागा फुटतो. त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना पुन्हा फांद्या, आणि धाग्यांचं जाळं अन्नात पसरत जातं. हे जाळं म्हणजेच खरी बुरशी. ते पुरेसं पोसलं की पृष्ठभागावर उभे देठ येतात आणि देठांच्या टोकांवर नवे बीजाणू धरतात. हिरवा, निळा, काळा असा जो रंग आपल्याला दिसतो तो या बीजाणूंचा. म्हणजे रंग दिसेपर्यंत जाळ्याचं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं. पांढऱ्या पावात पांढरे धागे ओळखू येणं तर जवळपास अशक्यच.

पाव भट्टीतून निघतो तेव्हा त्यात जिवंत बुरशी नसते. भट्टीची उष्णता बीजाणू मारून टाकते. लागण होते ती नंतर: पाव थंड होताना, त्याचे काप करताना, पिशवीत भरताना, आपण पिशवी उघडून हात घालताना. काप केलेल्या पावाला प्रत्येक कापाच्या दोन्ही बाजूंनी नवा पृष्ठभाग मिळतो आणि त्यावर हवेतले बीजाणू बसू शकतात. शिवाय पाव गरम असतानाच पिशवीत गेला तर आत पाण्याचे थेंब जमतात. बुरशीला याहून वेगळं काही लागत नाही.

पाव आणि चीज यांच्यातला फरक ओलाव्याचा आहे, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. पाव ओला आणि चीज कोरडं, म्हणून पावात बुरशी खोल जाते. हे स्पष्टीकरण अपुरं आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार चेडर चीजमध्ये ३९ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, आणि साध्या पांढऱ्या पावातही पाणी साधारण तेवढंच, ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास असतं. पार्मेझानसारखं खूप मुरलेलं चीज खरोखरच कोरडं असतं, पण चेडर नव्हे. मिठामुळे आणि आंबटपणामुळे चेडरमधलं पाणी बुरशीला तितकंसं सहज वापरता येत नाही हे खरं, तरी तेवढ्यानं सगळा उलगडा होत नाही.

मुख्य फरक हवेचा आहे. पावाच्या घनफळात निम्म्याहून बराच जास्त भाग हवेचा असतो. पीठ फुगताना तयार झालेली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे पावाच्या मधोमधही बाहेरची हवा पोचते. बुरशीला वाढायला प्राणवायू लागतो. पावात तो तिला सगळीकडे मिळतो आणि धाग्यांना पुढे सरकायला मोकळ्या वाटाही मिळतात. काळ्या ठिपक्यांची रायझोपस नावाची बुरशी तर धावत्या वेलीसारखे आडवे धागे टाकते, ते छिद्रं ओलांडून पुढच्या जागी मूळ धरतात आणि तिथून पुन्हा पुढे जातात. पिशवीतले काप एकमेकांना चिकटून असले तर एका कापावरून दुसऱ्यावर जायला तिला काहीच अडचण नसते.

मुरवलेलं कडक चीज याच्या अगदी उलट. दही विरजल्यासारखं दूध घट्ट करायचं, त्याचे बारीक तुकडे करून पाणी काढायचं, मीठ घालायचं आणि मग साच्यात भरून जड वजनाखाली दाबायचं. दाबामुळे तुकडे एकमेकांत मिसळून प्रथिनं आणि स्निग्धांश यांचा सलग, ठोस गोळा तयार होतो. आत हवा जवळजवळ उरतच नाही. बुरशीचा धागा अशा गोळ्यात थोडा शिरतो खरा, पण जसजसा खोल जाईल तसतसा त्याचा प्राणवायू संपत जातो आणि वाढ पृष्ठभागाजवळच अडते.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात पारंपरिक पद्धतीनं चेडर करणारे लोक याच गोष्टीवर विसंबून असतात. तिथे चीजच्या जाड गोलाला कापड गुंडाळतात, त्याला डुकराची चरबी चोपडतात आणि मग वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ तो कोठारात ठेवतात. या काळात कापडावर करड्या-हिरव्या बुरशीचा जाड थर चढतो. ते बिघडल्याचं लक्षण मानलं जात नाही. विकायच्या वेळी कापड सोलून काढतात आणि आतून स्वच्छ पिवळं चेडर निघतं. इटलीतलं पार्मिजानो रेजानो किमान १२ महिने मुरतं. एकेका गोलाचं वजन साधारण ४० किलो असतं आणि मुरण्याच्या काळात हे गोल वेळोवेळी उलटून, घासून साफ केले जातात. बुरशी वर येते, वरूनच काढली जाते, आणि चीज खायला जातं.

धागा कुठवर जातो हे एवढ्यावरून कळतं. पण धाग्याहून जास्त काळजी करायची ती त्याच्या विषाची.

काही बुरशा वाढताना विषारी पदार्थ तयार करतात. सगळ्या करत नाहीत, आणि ज्या करतात त्याही सर्व परिस्थितीत करत नाहीत. या विषांकडे जगाचं लक्ष गेलं ते १९६० साली. इंग्लंडमध्ये त्या वर्षी एक लाखाहून जास्त टर्की पक्षी अज्ञात आजारानं मेले. शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत गेला. पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती. तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं. दीर्घकाळ पोटात जात राहिलं तर या विषानं यकृताचा कर्करोग होतो, हे आता पक्कं झालेलं आहे.

भारतालाही या विषाचा फटका बसला आहे. १९७४ च्या अखेरीस गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागांतल्या आदिवासी गावांमध्ये काविळीची साथ आली. लोकांची पोटं पाण्यानं फुगत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तपास केला. त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालात ३९७ रुग्णांची नोंद आहे. त्यातले १०६ दगावले. कारण निघालं मक्यात. पीक हाताशी आलं असताना अवेळी पाऊस झाला होता, कणसं भिजली होती, आणि साठवणीची सोय नसल्यानं मक्याला बुरशी लागली होती. दुसरं धान्य नव्हतं, त्यामुळे लोक आठवडेच्या आठवडे तोच मका खात राहिले. घरातलं उरलेलं खाणारी कुत्रीही आजारी पडली. मका शिजवला, भाजला, तरी विष कायम राहिलं.

पावाच्या बाबतीत या घटनेचा शेवटचा भाग लक्षात घ्यायला हवा. बुरशी आलेला पाव टोस्टरमध्ये खरपूस भाजला किंवा तव्यावर लोणी सोडून परतला की निर्धोक होतो, असं बरेच जण मानतात. भाजल्यानं बुरशी मरते हे बरोबर आहे. पण अफ्लाटॉक्सिन मोडायला २०० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं, आणि पावाचा गाभा ओलसर असेपर्यंत १०० अंशांच्या पुढे जात नाही. बुरशी मेली, तिनं आधी करून ठेवलेलं विष तसंच राहिलं. बुरशीचा कोपरा तोडून बाकीच्याचा ब्रेडक्रम्ब्ज चुरा करून ठेवायची सवय तर याहून वाईट, कारण मग काय कुठून आलं हे कधीच कळत नाही.

याचा अर्थ बुरशी आलेल्या प्रत्येक पावात अफ्लाटॉक्सिन असतं असा नाही. पावावर बहुतेक वेळा पेनिसिलियम जातीच्या बुरशा येतात. चुकून एखादा घास पोटात गेला तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. फार तर मळमळ होते. अडचण अशी की नुसत्या रंगावरून कोणती बुरशी कोणती आणि तिनं विष केलं आहे की नाही, हे कोणालाही सांगता येत नाही. हिरवा रंग निरुपद्रवी बुरशीचाही असतो आणि अफ्लाटॉक्सिन करणाऱ्या बुरशीचाही. त्यात मुंबईत किंवा कोकणात पाव ठेवला जातो तो ओट्यावर, २८ ते ३० अंशांत, दमट हवेत. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसला हेच तापमान मानवतं. पिष्ट आणि साखर हे तिचं आवडतं खाद्य, आणि पावात दोन्ही भरपूर.

चीजकडे पाहिलं तर यातली बरीच अंगं उलटी पडतात. चीज फ्रिजमध्ये असतं, आणि ही बुरशी १० अंशांच्या खाली वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. मुरलेल्या चीजमध्ये साखर जवळजवळ शिल्लक नसते. मुरवणाऱ्या जिवाणूंनी ती आंबवून टाकलेली असते. त्यातही काही विषं चीजमध्ये टिकतच नाहीत. पेनिसिलियम रॉकफोर्टी एक विष तयार करू शकते, त्याला पीआर टॉक्सिन म्हणतात. पण चीजमधल्या प्रथिनांच्या घटकांशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्याचं रूपांतर फारशा विषारी नसलेल्या पदार्थात होतं. पावात ही सोय नाही. म्हणजे एकच बुरशी रॉकफोरच्या चीजमध्ये रुचकर ठरते आणि शिळ्या पावावर टाकाऊ, याला पक्कं रासायनिक कारण आहे.

तरीही चीजला सरसकट माफी नाही. नेदरलँड्समध्ये १९८० च्या सुमारास संशोधकांनी कोठारात दीर्घकाळ ठेवलेलं कडक चीज तपासलं. त्यावर अ‍ॅस्परजिलस व्हर्सिकलर ही दुसरी बुरशी वाढली होती. ती स्टेरिग्मॅटोसिस्टिन हे अफ्लाटॉक्सिनच्या कुळातलं विष करते. काही नमुन्यांत ते विष सापडलंही. पण सापडलं ते चीजच्या वरच्या थरात. कडक चीजवर कापण्याचा उपाय का चालतो आणि तो जाड का कापायचा, या दोन्ही प्रश्नांना या तपासणीतून उत्तर मिळतं. वरची हिरवी लव नुसती खरवडून टाकणं पुरेसं नाही, कारण विष लवेच्या खाली थोडं अंतर झिरपलेलं असू शकतं. इंचभराचा नियम हे अंतर सुरक्षित राखून केलेला आहे.

प्रत्यक्ष कापायची वेळ येते तेव्हा इंच ऐकायला लहान आणि कापायला मोठा असतो. समजा, २०० ग्रॅमची चेडरची वडी आहे, १० सेंटीमीटर लांब, ५ रुंद, ४ उंच. तिच्या एका टोकाच्या चौकोनी बाजूवर ठिपका आला आहे. अशा वेळी त्या टोकाकडून अडीच सेंटीमीटर जाडीचा तुकडा कापायचा. वडीचा चौथा भाग, म्हणजे ५० ग्रॅम गेलं, दीडशे ग्रॅम चांगलं राहिलं. पण तोच सेंटीमीटरभराचा ठिपका वडीच्या वरच्या बाजूला मधोमध असेल तर हिशेब बदलतो. ठिपक्याच्या दोन्ही अंगांना अडीच सेंटीमीटर धरलं की सहा सेंटीमीटर लांबीचा पट्टा होतो. रुंदी मुळातच पाच असल्यानं पूर्ण रुंदी जाते. खोली अडीच. साधारण ७५ ग्रॅम चीज जातं आणि खाली दीड सेंटीमीटरची पातळ पट्टी उरते. त्याच वडीवर दुसरीकडे आणखी एक ठिपका असेल तर वाचवण्यासारखं फारसं राहतच नाही. आणि जे चीज मुळातच २०-२५ ग्रॅमच्या छोट्या चौकोनी क्यूबमध्ये येतं, त्यात तर कुठूनही इंच मोजला तरी अख्खा क्यूब त्यात बसतो. अशा क्यूबवर बुरशी दिसली तर तो टाकायचाच.

सुरी कुठून घालायची हेही महत्त्वाचं. ठिपक्यावरून किंवा ठिपक्यातून सुरी गेली तर तिच्या पात्याला लागलेले बीजाणू थेट चीजच्या ताज्या पृष्ठभागावर पोचतात, आणि आठवड्याभरात नवी बुरशी नेमकी कापाच्या जागी उगवते. म्हणून सुरी स्वच्छ भागातून, ठिपक्यापासून लांबून घालायची, आणि कापलेला तुकडा ठिपक्यासकट अखंड बाजूला काढायचा. चीज पुन्हा जुन्याच वेष्टनात गुंडाळायचं नाही. ते बीजाणूंनी भरलेलं असतं. नवा कागद घ्यायचा. सुरी आणि पाट साबणानं धुवायचे. ठिपक्याला नाक लावून वास घ्यायची सवय बऱ्याच जणांना असते, ती सोडलेली बरी, कारण बीजाणू श्वासाबरोबर आत जातात आणि दमा किंवा अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास होतो.

कापल्यानंतर ताजा काप उजेडात धरून पाहायचा. रंग एकसारखा, चीज सलग असेल तर ठीक. पण चीजमध्ये बारीक चीर असेल, दोन थरांमध्ये फट असेल किंवा स्विस चीजसारखी मोठी भोकं असतील, तर तिथे हवा असते, आणि हवा आहे तिथे बुरशीला आत जायला वाट आहे. चिरेच्या कडेनं निळसर-हिरवी रेघ आत गेलेली दिसली तर रेघ संपते तिथून पुढे पुन्हा इंच मोजायचा, किंवा सरळ सगळं टाकायचं. चव बुरसट, कडवट लागली तरी तेच.

कडक चीजला लागू असलेली ही सवलत कडक चीजपुरतीच आहे. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या मराठी घरांत चेडर, पार्मेझान, गौडा यांच्या वड्या फ्रिजमध्ये नेहमीच असतात. तिथे ती कामाला येते. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत मात्र चीज म्हटलं की प्रक्रिया केलेलं चीज येतं. ते चीज वितळवून, त्यात क्षार घालून, पुन्हा घट्ट केलेलं असतं. आपल्याकडच्या नियमांनुसार त्यात ४७ टक्क्यांपर्यंत पाणी चालतं, म्हणजे चेडरपेक्षा बरंच जास्त. ते दिसायला घट्ट असलं तरी मुरलेल्या कडक चीजच्या रांगेत बसत नाही. त्याच्या अर्धा-पाव किलोच्या वडीवर एखादा कोपऱ्यातला ठिपका आला, तर जाड तुकडा काढून बाकी वापरणारे आहेत. पण घरात गरोदर बाई, लहान मूल, वयस्क माणूस किंवा केमोथेरपीसारखे उपचार चालू असलेलं कोणी असेल तर ती वडी वाचवण्यात अर्थ नाही.

स्लाइस, किसलेलं चीज, पिझ्झावरचं ताजं मोझरेला, क्रीम चीज आणि आपलं पनीर यांना तर हा नियम लागूच होत नाही. किसलेल्या चीजमध्ये प्रत्येक किसाभोवती हवा असते, म्हणजे दाबून बाहेर काढलेली हवा किसणीनं परत आत आणलेली असते. पनीर दाबलेलं असलं तरी त्यात पाणी निम्म्याहून जास्त असतं, मीठ जवळजवळ नसतं आणि ते मुरवलेलंही नसतं. त्यात बुरशीच्या सोबतीनं रोगकारक जिवाणूही वाढू शकतात. पनीरवर गुलाबी, पिवळा किंवा हिरवा ठिपका दिसला, ते चिकट झालं, की अख्खं टाकायचं.

पावात अशी वर्गवारी करायची गरजच पडत नाही. लादीपाव असो, स्लाइस ब्रेड असो की गोव्यातली पोळी असो, सगळ्यांचा गाभा सच्छिद्र आहे. लादीतल्या एका पावावर ठिपका दिसला तर बाकीचे पाव त्याला मऊ कडांनी जोडलेले असतात, त्यामुळे पूर्ण लादी जाते. पाकिटातल्या एका कापावर दिसला तर पाकीट जातं. बेकरीतून रोज येणाऱ्या ताज्या पावात सहसा बुरशीरोधक नसतं, म्हणून पावसाळ्यात तो दोन-तीन दिवसांत धरतो. पाकीटबंद ब्रेडच्या घटकांमध्ये बऱ्याचदा २८२ असा आकडा दिसतो. तो कॅल्शियम प्रोपिओनेटचा. त्यामुळे बुरशी येण्याचे दिवस लांबतात. ती कायमची टळत नाही. शिवाय पेनिसिलियम रॉकफोर्टीसारख्या काही बुरशा या रसायनाला फारशा जुमानत नाहीत. ज्यांना पाव जास्त दिवस ठेवायचा आहे त्यांनी तो ताजा असतानाच काप करून फ्रीझरमध्ये टाकावा आणि लागेल तसा थेट तव्यावर घ्यावा. फ्रिजच्या नेहमीच्या कप्प्यात बुरशी उशिरा येते, पण पाव लवकर शिळा आणि कडक होतो.

टाकायचा म्हटल्यावर पाव जातो कुठे, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे शिळं अन्न कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. बुरशी आलेला पाव बऱ्याचदा रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढे, गाईपुढे किंवा पक्ष्यांसाठी गच्चीवर टाकला जातो. यामागची भावना चांगली असली तरी प्राण्यांसाठी हे घातक ठरू शकतं. पेनिसिलियम क्रस्टोसम ही बुरशी पेनिट्रेम ए नावाचं विष करते, ते मज्जासंस्थेवर हल्ला करतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी १९७९ मध्ये दोन कुत्र्यांची नोंद प्रसिद्ध केली; त्यांनी बुरशी आलेलं क्रीम चीज खाल्लं होतं. ऑस्ट्रेलियातून १९८८ मध्ये आलेल्या नोंदीत कुत्र्यानं बुरशी आलेला हॅम्बर्गरचा बन खाल्ला होता. मऊ चीज आणि पाव, दोन्ही नेमके त्याच गटातले पदार्थ, जे कापून वाचवू नयेत असं सांगितलं जातं. अशा विषबाधेत कुत्र्याचं अंग थरथरायला लागतं, चाल अडखळते, आणि विष जास्त असेल तर झटके येतात. ही लक्षणं खाल्ल्यानंतर काही तासांतच दिसतात. तेव्हा घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्यायचं आणि काय खाल्लं ते सांगायचं.

बुरशी आलेला पाव पिशवी न उघडता, तशीच गाठ मारून कचऱ्यात टाकायचा. पिशवी पिळून हवा काढली की बीजाणू स्वयंपाकघरभर उडतात. ज्या डब्यात तो ठेवला होता तो गरम पाण्यानं आणि साबणानं धुवायचा, उन्हात पूर्ण कोरडा करायचा, आणि मगच त्यात नवा पाव ठेवायचा. डब्याच्या कडेत राहिलेला एखादा चुरा पुढच्या पावाला दोन दिवस आधीच बुरशी लावतो.